प्रेडनिसोलोनचा १२ आठवड्यांचा उतरता डोस: रुग्णाच्या हातात द्यायच्या मराठी कागदाबद्दल

अनुजा_ठाणे

विदर्भातल्या एका धर्मादाय कुष्ठरोग दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचा एक पानी कागद मराठीत करते आहे. ज्यांच्या नसांना सूज येते त्यांना प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि १२ आठवड्यांत उतरवत नेतात. इंग्रजी कागदावर फक्त डोसची एक ओळ आहे आणि खाली ‘अचानक थांबवू नका’ एवढंच. जुन्या मराठी कागदात असं लिहिलंय:

‘रिअ‍ॅक्शनसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या २ आठवड्यांनी कमी करत हळूहळू बंद कराव्यात. अचानक बंद करू नयेत.’

दवाखान्याची तक्रार अशी की सूज उतरली, दुखणं थांबलं की लोक गोळ्या सोडून देतात. मला दोन गोष्टी हव्या आहेत. डोसची यादी कशी लिहावी म्हणजे घरी चूक होणार नाही? आणि ‘का थांबवायचं नाही’ हे न घाबरवता चार-सहा वाक्यांत कसं सांगावं? ‘एचपीए अ‍ॅक्सिस’ वगैरे नको. वाचणारा चौथी-पाचवी शिकलेला धरा.

गडचिरोलीकर

पहिल्यांदा ‘रिअ‍ॅक्शन’ हा शब्द काढा. आपल्याकडे रिअ‍ॅक्शन म्हणजे औषध अंगावर उठणं. पेशंट तो कागद असा वाचतो की दवाखान्याच्या गोळ्यांची रिअ‍ॅक्शन आली. मग तो प्रेडनिसोलोनही सोडतो आणि कुष्ठरोगाची एमडीटीची पाकिटंही सोडतो. ‘नसांना सूज आली आहे’ असं सरळ लिहा. आणि ‘महिन्याच्या पाकिटातल्या गोळ्या या गोळ्यांबरोबर चालूच ठेवा’ हे वेगळ्या ओळीत हवंच.

दुसरं, ‘हळूहळू बंद कराव्यात’. यातलं ‘बंद’ लक्षात राहतं, ‘हळूहळू’ प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. कुणी चारच्या दोन करतो, दोन दिवसांनी एक, मग संपलं. कमी करणं हे पेशंटचं काम आहे असं वाक्यातून वाटताच कामा नये. ‘खालच्या तारखांप्रमाणे गोळ्या घ्या’ एवढंच सांगा.

आठवडे लिहू नका, तारखा लिहा. ‘पहिले २ आठवडे’ कधीपासून मोजायचे, दवाखान्यात गेलो त्या दिवसापासून की गोळ्या हातात आल्या तेव्हापासून, इथेच घोळ होतो. १० मिलिग्रॅमची गोळी धरून, ३ ऑगस्टला सुरू केलेल्या मोठ्या माणसाची यादी अशी दिसेल:

३ ते १६ ऑगस्ट: रोज ४ गोळ्या
१७ ते ३० ऑगस्ट: रोज ३ गोळ्या
३१ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर: रोज २ गोळ्या
१४ ते २७ सप्टेंबर: रोज दीड गोळी
२८ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर: रोज १ गोळी
१२ ते २५ ऑक्टोबर: रोज अर्धी गोळी

सगळ्या गोळ्या सकाळी, खाऊन झाल्यावर, एकदमच. तारखा कागद देताना पेनाने भरायच्या, त्यामुळे छापील नमुन्यात रकाने मोकळे सोडा. आणि ही यादी सगळ्यांना लागू नाही. कुणाचा डोस वजनावर ठरतो, कुणाला २० आठवडेही चालवतात, म्हणून गोळ्यांचा आकडाही छापू नका, तोही पेनानेच.

घरी भिंतीवर कालनिर्णय असतंच. दूध आलं नाही त्याची खूण लोक त्याच्यावर करतात, गोळी घेतल्याची पण करतात. गोळ्यांचा आकडा बदलायच्या तारखेला गोल करून द्यायला सांगितलं तर अर्धा घोळ मिटतो. माडिया-गोंडी बोलणाऱ्या घरांत अक्षरांपेक्षा गोळ्यांची गोल चित्रं चालतात. दीड गोळी म्हणजे एक पूर्ण गोल आणि एक अर्धा.

केमिस्टकाका

यादी छान आहे, पण ‘४ गोळ्या’ हे एकटं लिहिणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. प्रेडनिसोलोन ५, १०, २०, ४० अशा सगळ्या ताकदीत मिळतं. दवाखान्याची पट्टी संपली, पेशंटने गावातल्या दुकानातून आणली आणि २० ची मिळाली, तर ‘४ गोळ्या’ म्हणजे ८० मिलिग्रॅम. ५ ची मिळाली तर २०. म्हणजे एका रात्रीत डोस निम्म्यावर, आणि पेशंटला वाटतंय आपण कागद तंतोतंत पाळतोय.

यादीच्या डोक्यावर चौकटीत लिहा: ‘ही यादी फक्त १० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी आहे. पट्टीवर १० लिहिलेलं नसेल तर गोळी घेण्याआधी दवाखान्यात फोन करा.’ आणि प्रत्येक ओळीत गोळ्यांच्या पुढे मिलिग्रॅमही हवेत, म्हणजे दुकानदाराला हिशोब करता येतो.

एकूण गोळ्यांचा आकडाही टाका. १० च्या गोळ्या असतील तर तुमच्या यादीला १६८ लागतात, ५ च्या असतील तर ३३६. मधल्या तपासणीला उरलेल्या मोजल्या की कळतं माणूस यादीवर आहे की नाही. २७ सप्टेंबरच्या रात्री त्याच्याकडे २१ उरलेल्या असायला हव्यात. ५० निघाल्या तर विचारायचं.

आणखी एक. दुकानात ‘तेच आहे, हलकं आहे’ म्हणून डेफ्लाझाकॉर्ट ६ ची पट्टी हातात ठेवतात. डेफ्लाझाकॉर्टचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण ५. पेशंटने एकास एक गोळी बदलली तर १० च्या जागी ५ पडतात. मिथाइलप्रेडनिसोलोनचं ४ हेही ५ च्याच बरोबरीचं. ‘दुसऱ्या नावाची गोळी बदलून घेऊ नका’ ही ओळ माझ्या मते सगळ्यात स्वस्तातला बचाव आहे.

रंगनाथ_एस

सगळं बरोबर, पण कागदात मूळ नियमच टाका ना. स्टेरॉइड कोणतंही असो, कितीही दिवसांचं असो, कमी करतच थांबवायचं असतं. ५ दिवसांचा कोर्स असला तरी किडनीवरच्या ग्रंथी झोपतात.

एंडो_मुक्ता

रंगनाथ, अर्धं बरोबर. ग्रंथी मंदावतात हे खरं, पण ५-७ दिवसांत इतक्या नाही की उतरवत न्यावं लागेल. दम्याच्या झटक्याला ४० मिलिग्रॅम ५ दिवस देऊन सरळ थांबवतात. साधारण ३-४ आठवड्यांच्या आतला कोर्स असेल तर ग्रंथींच्या कारणासाठी पायऱ्या लागत नाहीत. अडचण येते ती वर्षभरात असे छोटे कोर्स वारंवार झाले की, किंवा मधूनमधून सांध्यात, कमरेत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेली असतात तेव्हा. तो हिशोब कुणी एकत्र करत नाही.

अनुजा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गोळी मध्येच सोडण्याचे धोके दोन आहेत, आणि ते वेगवेगळ्या वेळी येतात. दहाव्या दिवशी कुणी थांबला तर त्याच्या ग्रंथी बहुतेक सावरतील, पण नसेची सूज परत येईल. आठव्या-नवव्या आठवड्यात थांबला तर नसेचा धोका असतोच, वर ग्रंथीही सावरलेल्या नसतात. कागदात दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की वाचणाऱ्याला एकही समजत नाही.

आणि लोक फसतात ते शेवटच्या पायऱ्यांवर. ४० वरून ३० ही उडी मोठी दिसते, पण तिथे शरीराला गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळतच असतं. निरोगी शरीर रोज स्वतः जेवढं बनवतं ते प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ४ गोळ्यांच्या ३ झाल्या तरी शरीराला त्याचा पत्ता नसतो. १ ची अर्धी झाली की मात्र बाहेरचा पुरवठा आणि गरज बरोबरीला येतात, आणि अर्धीची शून्य झाली की सगळं त्यालाच करायचंय. पेशंट नेमका इथे म्हणतो, ‘एकच गोळी उरली होती, तिच्याने काय होतंय, सोडली.’

अनुजा_ठाणे

हे फार कामाचं. मग ‘का’ आधी दोन भागांत लिहून पाहते:

‘तुमच्या नसांना सूज आली आहे. ही गोळी ती सूज उतरवते. दुखणं थांबलं तरी नस आतून लगेच बरी होत नाही. गोळी मध्येच सोडली तर सूज परत येते आणि हाताची बोटं वाकडी होणं, पाऊल लोंबणं असं कायमचं नुकसान होऊ शकतं.

आपलं शरीर या गोळीसारखा एक रस रोज स्वतः तयार करतं. तो ताकद देतो आणि रक्तदाब सांभाळतो. बाहेरून गोळी मिळत राहिली की शरीर तो रस करायचं थांबवतं. पुन्हा सुरू करायला त्याला काही आठवडे लागतात. म्हणून गोळ्या थोड्या थोड्या कमी करतात. शेवटची अर्धी गोळीसुद्धा तितकीच महत्त्वाची आहे.’

कसं वाटतंय? ‘रस’ चालेल का?

गडचिरोलीकर

‘रस’ चालेल, ‘संप्रेरक’ कुणाला कळणार नाही. ‘नुकसान होऊ शकतं’ यात ‘हात-पायाला’ घाला, नाहीतर पैशाचं वाटतं. डोळ्याची पापणी मिटत नाही तेही लिहा, चेहऱ्याची नस गेली की तसं होतं.

आणि लोक गोळी का सोडतात त्याला थेट हात घाला. बरं वाटलं हे एक कारण. दुसरं, तोंड गोल दिसायला लागतं, भूक वाढते, झोप उडते, मग शेजारी म्हणतात ‘गोळ्या गरम पडल्या’. त्यावर एक ओळ: ‘चेहरा सुजल्यासारखा दिसला किंवा भूक वाढली तर घाबरून गोळी सोडू नका, डोस उतरला की ते कमी होतं.’ तहान आणि लघवी वाढली, शौचाला काळं होऊ लागलं, तर मात्र लगेच दाखवायला सांगा. पहिल्यात साखर वाढलेली असू शकते, दुसऱ्यात पोटात रक्तस्राव.

उपवासाचंही लिहा. श्रावणात सोमवारी ‘आज पोट रिकामं, गोळी नको’ म्हणून सोडतात. साबुदाण्याची खिचडी, केळं, दूध, जे चालतं ते खाऊन गोळी घ्यायची.

स्मिता७२

मधेच विचारते, माफ करा. माझ्या सासूबाई गुडघेदुखीसाठी दोन वर्षं एका वैदूकडच्या पांढऱ्या पुड्या घेत होत्या. फार गुण यायचा. चेहरा सुजला म्हणून आम्ही गेल्या आठवड्यात बंद केल्या. आता अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, उठलं की चक्कर. त्यात स्टेरॉइड असेल का? वर जी यादी दिली आहे ती त्यांना सुरू केली तर चालेल का?

एंडो_मुक्ता

स्मिता, ही यादी त्यांच्यासाठी नाही, ती सुरू करू नका. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते थांबण्यासारखं नाही. आजच त्यांना रुग्णालयात न्या. उरलेली पुडी असेल तर बरोबर घ्या आणि आल्या आल्या सांगा, ‘दोन वर्षं पुड्या घेत होत्या, त्यात स्टेरॉइड असावं, आठवड्यापूर्वी एकदम बंद केल्या.’ हे वाक्य नाही सांगितलं तर अशक्तपणा म्हणून सलाइन लावून घरी पाठवतील. रक्तदाब, साखर, सोडियम आणि कॉर्टिसोल बघायला हवं. कॉर्टिसोलचं रक्त घेऊन झालं की अहवालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन सुरू करता येतं.

अशा पुड्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन निघतं. त्याचं अर्धा-पाऊण मिलिग्रॅमसुद्धा कमी नसतं. पाऊण म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५.

स्मिता७२

निघतो आहोत. पुडी आहे एक.

केमिस्टकाका

सासूबाईंचं कळवा.

अनुजा, ‘दिवस चुकला तर’ हे राहिलंय. माझं म्हणणं: त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाच्याच घ्याव्यात, दुप्पट नाही. यादी तारखेवर आहे, ती पुढे ढकलायची नाही. लागोपाठ दोन दिवस चुकले तर मनाने सुरू न करता फोन.

आणि गोळी घेऊन उलटी झाली तर?

एंडो_मुक्ता

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. तीही पडली, किंवा उलट्या-जुलाब थांबतच नाहीत, तर घरी बसायचं नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जायचं. तिथे मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन देतात. कागदाच्या तळाशी डॉक्टरांसाठी दोन ओळी हव्यात, मराठीत आणि इंग्रजीतही: रुग्ण प्रेडनिसोलोनवर आहे, अमुक तारखेपासून. उलट्या, कमी रक्तदाब किंवा ग्लानी असल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावं. पेशंट ग्लानीत असेल तर तोच कागद बोलेल.

डोस उतरताना बरं वाटत नसेल तर ते नेमकं कशामुळे, हे पेशंटला ठरवता येत नाही, आणि त्याने ठरवूही नये. पण काय झाल्यावर किती घाईने यायचं हे सांगता येतं. हातापायात मुंग्या, बधिरपणा, कोपराशी किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दुखणं, चप्पल पायातून निसटणं, चट्टे लाल होऊन फुगणं ही आजार परतल्याची चिन्हं, दुसऱ्याच दिवशी यावं. उलट्या, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, सुस्ती असेल तर त्याच दिवशी. नुसतं अंग मोडून येणं, सांधे ठणकणं हे डोस उतरल्यावर काही दिवस होतं. तेव्हा गोळी वाढवायची नाही, सोडायचीही नाही, पुढच्या तपासणीला सांगायचं.

गडचिरोलीकर

चप्पल निसटण्याचं उदाहरण ठेवाच. ‘पायाची ताकद कमी होणे’ कुणाला कळत नाही, चप्पल कधी निसटायला लागली ते मात्र तारखेसकट सांगतात.

रंगनाथ_एस

३-४ आठवड्यांचं मान्य. पण मग तापात डोस दुप्पट करायचा नियम कागदात का नको? तो तर सगळीकडे सांगतात.

एंडो_मुक्ता

कारण यादीच्या वरच्या भागात त्याची गरज नसते. रोज १० किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर साध्या तापाला तेवढं पुरतं. प्रश्न ५ च्या पायरीवर आणि संपल्यानंतरच्या काही महिन्यांत येतो. तिथे दुप्पट लिहावं असं मला वाटतं.

गडचिरोलीकर

माझा विरोध आहे. ‘ताप आला तर दुप्पट’ लिहिलं की पहिल्या पंधरवड्यातला माणूस ४ च्या ८ करणार. आणि नसेच्या सुजेतही ताप येऊ शकतो. घरी दुप्पट करत बसला तर तपासायचं राहून जातं. ‘ताप आला तर गोळी चालू ठेवून त्याच दिवशी दाखवा’ एवढंच लिहावं.

एंडो_मुक्ता

दवाखाना तासाभरावर असेल तर ठीक. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन दिवस रस्ता बंद असणाऱ्या गावाचं काय? अनुजा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. शेवटच्या पायरीच्या तपासणीला वेगळी चिठ्ठी देणं हाही मार्ग आहे.

अनुजा_ठाणे

विचारते. २५ ऑक्टोबरनंतर काय लिहू? यादी संपली म्हणजे सगळं संपलं, की रक्त तपासायचं?

एंडो_मुक्ता

सोय असेल तर ५ च्या पायरीच्या शेवटी सकाळी ८-९ च्या सुमारास कॉर्टिसोल बघता येतं. आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तास झालेले हवेत, म्हणजे त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर. १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर निर्धास्त थांबवता येतं, ५ च्या खाली आलं तर अर्धी गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. मधल्या आकड्यालाही अर्धी चालू ठेवून काही आठवड्यांनी परत. पण प्रत्येकाची तपासणी करायलाच हवी असं नाही, लक्षणांवर लक्ष ठेवूनही बहुतेक ठिकाणी थांबवतात.

गडचिरोलीकर

कॉर्टिसोलसाठी आमच्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं, रिकाम्या हाताने परत येतात. मी लिहीन: ‘२५ ऑक्टोबरला दवाखान्यात या, त्यांनी सांगितल्यावरच शेवटची गोळी थांबवा.’ ५ मिलिग्रॅमच्या दहा जादा गोळ्या हाताशी द्याव्यात का, यावर आमच्यातच एकमत नाही. दिल्या तर घरातला दुसरा कुणी सांधेदुखीला खातो.

आणि कागदाच्या डोक्यावर रोगाचं नाव नको. तो भिंतीला लागणार, येणारा-जाणारा वाचणार. ‘नसांच्या सुजेच्या गोळ्या’ पुरे.

केमिस्टकाका

आणि जाड कागदावर छापा. चुलीजवळच्या खिळ्याला अडकवतात, तीन महिने टिकला पाहिजे.

स्मिता७२

सासूबाईंना दाखल करून घेतलंय. सोडियम कमी आलं, इंजेक्शन दिलंय, कॉर्टिसोलचा अहवाल उद्या मिळेल. डॉक्टरांनी पुडी ठेवून घेतली.